मधल्या काळातला पैसा

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्याजाचे चार दर दिले आहेत. साधारण कर्जावर दरमहा शेकडा सव्वा पण, व्यापारासाठी घेतलेल्या कर्जावर पाच, जंगलातून माल नेणाऱ्याला दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस. पैसा तोच, देणाराही कदाचित तोच. वाट बदलली की दर बदलतो. दरमहा शेकडा वीस हे निव्वळ व्याज नव्हे. जहाज बुडालं तर मुद्दलही जाणार, हे सावकाराला ठाऊक आहे आणि त्या शक्यतेची किंमत त्याने व्याजातच घातली आहे. विम्याचा मागोवा घ्यायचा तर तो इथून घ्यावा लागतो, कारण जोखमीला आकडा लावण्याची ही जुनी, लिखित खूण आहे.

अथेन्समधल्या इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातल्या एका समुद्रकर्जाचा करार डेमॉस्थिनीसच्या भाषणांत सापडतो. त्यात हजाराला सव्वादोनशे असा दर आहे. पण स्वाती ताऱ्याच्या उदयानंतर, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या मध्यानंतर परतीचा प्रवास सुरू केला, तर दर हजाराला तीनशे. हिवाळी वादळांचा धोका हजारामागे पंचाहत्तर असा मोजलेला आहे. जहाज सुखरूप आलं तर कर्ज व्याजासह फेडायचं, बुडालं तर काहीच द्यायचं नाही, अशी अट. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर चालणारी जोखमी हुंडी याच कुळातली. मालाच्या भरवशावर काढलेली ही हुंडी माल बंदरात पोचला तरच वटायची. ती विकत घेणारा पैसे आधी मोजायचा आणि वाटेतला धोका स्वतःच्या अंगावर घ्यायचा.

या सगळ्या व्यवहारांत एक गोष्ट समान आहे. जोखीम उचलणाऱ्याचा पैसा आधी बाहेर पडतो. व्यापाऱ्याच्या हातात रक्कम येते आणि सावकार किनाऱ्यावर वाट पाहत बसतो. आजच्या विम्यात हे नेमकं उलटं आहे. विमेदार हप्ता आधी भरतो, कंपनी पैसे घेऊन बसते आणि दावा आला तर, तोही पुढे केव्हातरी, चुकता करते. पैशाचा प्रवाह कुठे उलटला, हे या कथेतलं पहिलं महत्त्वाचं वळण आहे.

तो उलटला इटलीतल्या बंदरांत. तेराव्या शतकात पोप नववा ग्रेगरी याने समुद्रकर्जावरच्या वाढीव व्याजालाही व्याजखोरी ठरवलं. जोखमीच्या नावाखाली व्याज घेता येईना, तेव्हा व्यापाऱ्यांनी कर्ज आणि जोखीम वेगवेगळी केली. जिनोव्हात 1347 साली नोटरीपुढे झालेला एक करार टिकून आहे. ‘सांता क्लारा’ हे जहाज मायोर्काला जाणार होतं. जोखीम घेणारा माणूस करारात म्हणतो की मला बिनव्याजी कर्ज मिळालं आहे, ते मी ठरल्या मुदतीत परत करीन. मात्र जहाज सुखरूप पोचलं तर हा करार रद्द समजावा. प्रत्यक्षात असं कर्ज कुणी दिलेलंच नव्हतं. कायद्याच्या नजरेपासून वाचण्यासाठी विम्याने पांघरलेला तो वेष होता. पण या कराराने मोठी गोष्ट साधली. जोखीम घेणाऱ्याने मुद्दल आधी गुंतवण्याची गरज उरली नाही. त्याने फक्त वचन द्यायचं आणि त्या वचनाचा मोबदला घ्यायचा.

वचन विकण्याचा हा धंदा लंडनमध्ये एका कॉफीगृहात वाढला. एडवर्ड लॉइडचं हे कॉफीगृह 1688 पर्यंत सुरू झालेलं होतं. जहाजांचे कप्तान, मालक आणि दलाल तिथे बसत, आणि कुठलं जहाज कुठे पोचलं याच्या बातम्या तिथे आधी येत. दलाल एका कागदावर जहाजाचं नाव, कप्तान, माल आणि मार्ग लिहून टेबलाटेबलांवर फिरे. जाणकार म्हणून नाव असलेला पहिला माणूस दर ठरवी आणि जोखमीतला आपला हिस्सा लिहून खाली सही करी. मग बाकीचे त्याच दराने आपापला हिस्सा घेत, रक्कम पूर्ण होईपर्यंत. मजकुराखाली सही करणारे हे लोक म्हणजे अंडररायटर. आज कंपनीच्या कचेरीत बसून अर्ज तपासणारा अंडररायटर तेच काम करतो. ही जोखीम घ्यायची का, किती घ्यायची आणि कोणत्या दराने, या तीन प्रश्नांची उत्तरं तो देतो.

लॉइड्समधल्या माणसांकडे तक्ते नव्हते. ओळख, बातमी आणि अनुभव यांवर दर ठरे. त्यातला धोका 1693 साली दिसला. स्मर्नाकडे निघालेला मोठा इंग्रज-डच व्यापारी ताफा पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ फ्रेंच आरमाराने गाठला. अनेक विमेकरी त्या एका घटनेत बुडाले. शंभर जहाजं शंभर वाटांनी गेली तर एकाचं नुकसान नव्व्याण्णवांच्या हप्त्यांतून भरून निघतं. शंभर जहाजं एकाच ताफ्यात असली तर ती शंभर जोखमी राहत नाहीत, एकच होते. दर बरोबर असूनही अंडररायटर असा बुडू शकतो. आजही पूर किंवा भूकंपाचा विमा देताना कंपन्या एका भागात किती पॉलिसी आहेत याची मर्यादा पाळतात, ती याच कारणाने.

समुद्री विम्यात हप्ता आणि दावा यांतलं अंतर काही महिन्यांचं असे. हे अंतर दशकांचं कसं झालं, ते पाहायला स्कॉटलंडमध्ये जावं लागतं. तिथल्या चर्चच्या धर्मोपदेशकांच्या विधवा उघड्यावर पडत. एडिंबरोच्या रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेब्स्टर या दोन धर्मोपदेशकांनी 1740 च्या दशकात त्यावर एक योजना मांडली. गणिती कॉलिन मॅक्लॉरिन याने त्यांचे हिशेब तपासले. एडमंड हॅलीने 1693 मध्ये ब्रेस्लाव शहराच्या मृत्यूनोंदींवरून केलेला आयुर्मानाचा तक्ता त्यांच्यापुढे होता. शिवाय त्यांनी गावोगावच्या चर्चकडून माहिती मागवली. स्कॉटलंडमध्ये एका वेळी सुमारे 930 धर्मोपदेशक असतात, वर्षाला सरासरी 27 मरतात आणि त्यांतल्या 18 जणांच्या मागे विधवा राहते, असा हिशेब निघाला.

योजनेतली नवी गोष्ट मात्र मृत्यूच्या मोजणीच्या पुढची होती. तोवरचे असे फंड या वर्षी जमलेल्या पैशातून या वर्षीच्या विधवांना मदत देत. सुरुवातीला विधवा थोड्या असल्याने ते भरभक्कम वाटत आणि विधवांची संख्या वाढली की कोसळत. वॉलेस आणि वेब्स्टर यांनी हप्त्यांचा निधी साठवायचा, तो व्याजाने लावायचा आणि वर्षासने त्यातून द्यायची, असं ठरवलं. त्यासाठी पुढच्या अनेक वर्षांत दर वर्षी किती विधवा असतील आणि निधी किती असेल, हे आधीच मांडावं लागलं. त्यांनी ते मांडलं आणि फंडाची वाटचाल त्या अंदाजांच्या अगदी जवळून झाली.

आयुर्विम्यात हीच कल्पना लंडनच्या इक्विटेबल सोसायटीने 1762 मध्ये आणली. तिच्यामागचं गणित जेम्स डॉडसन याचं होतं, जरी संस्था उभी राहिली तेव्हा तो हयात नव्हता. तिशीतल्या माणसाच्या मरणाची शक्यता कमी आणि साठीतल्याची बरीच जास्त. दर वर्षी जोखमीइतकाच हप्ता घेतला, तर म्हातारपणी तो झेपणार नाही. डॉडसनने सुचवलं की हप्ता आयुष्यभर सारखाच ठेवावा. मग तरुणपणी तो जोखमीपेक्षा जास्त पडतो आणि उतारवयात कमी. तरुणपणी जादा घेतलेला पैसा हा नफा नसतो. विमेदाराने स्वतःच्याच म्हातारपणासाठी पुढे पाठवलेली ती रक्कम असते. ती सांभाळणं आणि वाढवणं हे संस्थेचं काम झालं. विमा कंपनी ही गुंतवणूक करणारी संस्था झाली, ती इथे.

हा साठलेला पैसा नेमका कुणाचा, या प्रश्नाचं सर्वांत कडू उत्तर आपल्या देशात मिळालं. मुंबईत 1874 साली आयुर्विम्याची एक कंपनी सुरू झाली. तिचं नाव ओरिएंटल गव्हर्न्मेंट सिक्युरिटी लाइफ ॲश्युअरन्स. पैसे सरकारी रोख्यांत ठेवतो, ही ग्वाही कंपनीने थेट नावातच घातली होती. त्या आधी चार वर्षं बॉम्बे म्युच्युअल निघाली होती. परदेशी कंपन्या भारतीयांच्या आयुष्यावर जादा दर लावत, तेव्हा या संस्थेने भारतीयांना सर्वसाधारण दराने विमा दिला. स्वदेशीच्या काळात अशा संस्था वाढल्या. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी 1913 मध्ये वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली आणि आयुर्विमा जिल्ह्याच्या गावातून चालवता येतो हे दाखवलं.

पण सगळे मालक असे नव्हते. आयुर्विम्याचा निधी वीस-पंचवीस वर्षं कुणी परत मागत नाही. उद्योगाला भांडवल हवं असलेल्या माणसाला याहून सोयीचा पैसा मिळणार नाही. 1938 च्या विमा कायद्याने निम्म्याहून अधिक निधी सरकारी आणि मान्यताप्राप्त रोख्यांत ठेवायला लावला, तरी उरलेल्या भागाला वाटा फुटत राहिल्या. भारत इन्शुरन्स कंपनीचा मोठा निधी रामकृष्ण दालमिया यांनी इतरत्र वळवल्याचं प्रकरण 1955 मध्ये उघड झालं आणि पुढे त्यांना शिक्षाही झाली. 19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी नभोवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. एकंदर 245 देशी-विदेशी संस्था एकत्र करून 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं.

मालक बदलला म्हणून मोह संपला नाही. 1957 च्या जूनमध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले, तेही स्वतःच्या गुंतवणूक समितीला न विचारता. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न उभा केला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना फेब्रुवारी 1958 मध्ये पद सोडावं लागलं. विमेदारांचा पैसा खाजगी मालकाच्या हाती असो की सरकारच्या, तो मधल्या काळात कुठे ठेवला जातो हे पाहणारा डोळा लागतोच.

आयुर्विम्यात मृत्यूचे तक्ते बऱ्यापैकी खरे ठरतात. मोटार, आग, अपघात, जबाबदारी यांच्या विम्यात तसं नाही. तिथे दावा येईल का आणि किती येईल हे अनिश्चित, आणि तो कधी चुकता होईल हेही अनिश्चित. हप्ता जमा झाल्यापासून दावा चुकता होईपर्यंत कंपनीच्या हातात राहणाऱ्या या पैशाला या धंद्यात फ्लोट म्हणतात. तो कसा चालतो, ते एका साध्या हिशेबाने पाहू.

समजा एका कंपनीने हजार गाड्यांना विमा दिला. अनुभव असा की शंभरातल्या पाच गाड्यांचा दावा येतो आणि दावा सरासरी 40 हजारांचा असतो. म्हणजे पन्नास दावे, एकूण 20 लाख. गाडीमागे निव्वळ जोखमीची किंमत दोन हजार रुपये झाली. दलाली, पगार, कचेरी असा खर्च हप्त्याच्या 30 टक्के धरला, तर हप्ता साधारण 2,857 रुपये हवा. स्पर्धेमुळे कंपनीने तो 2,800 ठेवला. जमा झाले 28 लाख. खर्च 8 लाख 40 हजार आणि दावे 20 लाख, मिळून 28 लाख 40 हजार. विमा म्हणून पाहिलं तर 40 हजारांचा तोटा. दावे आणि खर्च मिळून हप्त्याच्या किती टक्के होतात, त्याला कंबाइन्ड रेशो म्हणतात. इथे तो सुमारे 101.4 आहे. शंभराच्या वर गेला म्हणजे अंडररायटिंगमध्ये तोटा.

आता काळ मध्ये आणू. काही दावे लवकर मिटतात, काही न्यायाधिकरणात अडकतात. समजा पहिल्या वर्षअखेरीला 5 लाख, दुसऱ्या वर्षअखेरीला 5 लाख आणि तिसऱ्या वर्षअखेरीला 10 लाख चुकते झाले. खर्च आधीच वजा केला तर कंपनीच्या हातात पहिलं वर्षभर 19 लाख 60 हजार, दुसरं वर्षभर 14 लाख 60 हजार आणि तिसरं वर्षभर 9 लाख 60 हजार राहिले. या रकमांवर 7 टक्के मिळाले, तर तीन वर्षांत सुमारे 3 लाख 7 हजार रुपये व्याज झालं. चाळीस हजारांचा तोटा भरून अडीच लाखांहून अधिक उरले. वेगळ्या शब्दांत, कंपनीला हा पैसा वर्षाला शेकडा एकाहून कमी दराने वापरायला मिळाला. एवढ्या स्वस्तात तिला कोणतीही बँक कर्ज देणार नाही.

पण अंडररायटरचा अंदाज चुकला आणि दावे 20 ऐवजी 25 लाखांचे निघाले तर? वाढीव 5 लाख तिसऱ्या वर्षअखेरीला द्यावे लागले, म्हणून व्याज तेवढंच आलं. विम्यातला तोटा मात्र 5 लाख 40 हजार झाला. सगळं व्याज घालूनही खिशातून सव्वादोन लाखांहून जास्त गेले. त्याच पैशासाठी कंपनीने वर्षाला शेकडा बाराहून अधिक मोजले, आणि हे तिला कळलं तिसऱ्या वर्षअखेरीला. दरम्यान ती त्याच दराने आणखी दोन वर्षं पॉलिसी विकून बसली असेल. फ्लोट स्वस्त आहे की महाग, हे हप्ता ठरवतानाच ठरलेलं असतं. ते दिसायला काही वर्षं लागतात, एवढंच.

हे ओळखून धंदा करणारी माणसं थोडी. ओमाहातल्या जॅक रिंगवॉल्टने 1940 मध्ये नॅशनल इंडेम्निटी ही कंपनी काढली. टॅक्सीसारख्या, इतर कंपन्या टाळत त्या जोखमी तो घेई. त्याचं मत असं की जोखीम वाईट नसते, दर चुकीचा असतो. 1967 मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने ही कंपनी आणि तिची एक जोडकंपनी मिळून 86 लाख डॉलरला घेतली. बफेंना रस होता तो फ्लोटमध्ये. 1970 मध्ये बर्कशायरचा फ्लोट 3 कोटी 90 लाख डॉलर होता, 2010 मध्ये तो सुमारे 6,580 कोटी डॉलर झाला. दरम्यान त्या पैशातून कंपन्या आणि शेअर विकत घेतले गेले. नवे हप्ते येत राहतात, जुने दावे जात राहतात, आणि एकूण साठा टिकतो किंवा वाढतो. मात्र तो कर्जच असतो.

या यशाचं खरं कारण गुंतवणुकीइतकंच नकार देण्यात होतं. बाजारात दर घसरले तेव्हा नॅशनल इंडेम्निटीने पॉलिसी सोडून दिल्या. 1986 मध्ये तिचे हप्ते 36 कोटी 60 लाख डॉलर होते. 1999 पर्यंत ते साडेपाच कोटींच्याही खाली आले. धंदा कमी झाला म्हणून नोकऱ्या जाणार नाहीत, असं कर्मचाऱ्यांना सांगितलेलं होतं. हे आश्वासन महत्त्वाचं आहे. ते नसतं तर कचेरीतल्या प्रत्येकाने आपली खुर्ची वाचवायला पडेल त्या दराने पॉलिसी लिहिली असती.

याच्या उलट काय होतं, ते लॉइड्सवर गुदरलं. तिथे एका वर्षाचा हिशेब तीन वर्षं उघडा ठेवायचा आणि मग उरलेली देणी पुढच्या वर्षाच्या भागीदारांकडे, अंदाजे रकमेसह सोपवून वर्ष बंद करायचं, अशी रीत होती. जहाजांच्या काळात तीन वर्षं पुरत. अमेरिकन कारखान्यांच्या जबाबदारीच्या विम्याला ती पुरली नाहीत. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात गेल्यापासून आजार दिसायला वीस-तीस वर्षं लागतात. 1973 मध्ये अमेरिकेतल्या बोरेल खटल्यात उत्पादकांवर जबाबदारी आली आणि दाव्यांची रीघ लागली. कित्येक दशकांपूर्वी क्षुल्लक हप्त्याने लिहिलेल्या पॉलिसी जाग्या झाल्या. हप्ते घेणारे अंडररायटर तोवर निवृत्त झाले होते. 1988 ते 1992 या वर्षांत लॉइड्सला सुमारे 8 अब्ज पौंडांचा तोटा झाला, त्यात या जुन्या देण्यांचा वाटा मोठा होता. अमर्याद जबाबदारी पत्करलेल्या अनेक भागीदारांची घरं गेली.

ही देणी 1996 मध्ये इक्विटास या वेगळ्या कंपनीत काढून ठेवली गेली. दहा वर्षांनी तिचा भार एका मर्यादेपर्यंत उचलायला तयार झाली ती नॅशनल इंडेम्निटीच. त्यासाठी तिने सुमारे 7 अब्ज डॉलर घेतले. देणी तीच होती, पण या वेळी त्यांची किंमत दाव्यांच्या प्रत्यक्ष अनुभवावर ठरली होती आणि ती चुकती व्हायला अजून कित्येक वर्षं होती. एकाच्या अंडररायटिंगचा विनाश दुसऱ्याने नव्याने मोजला आणि त्याचा फ्लोट झाला.

आपल्याकडच्या सर्वसाधारण विमा कंपन्यांचा एकत्रित कंबाइन्ड रेशो कित्येक वर्षं शंभराच्या वर आहे, म्हणजे त्या गुंतवणुकीच्या उत्पन्नावर उभ्या आहेत. मोटार अपघातातल्या तिसऱ्या पक्षाचे दावे वर्षानुवर्षं चालतात, म्हणून हे उत्पन्न मोठं दिसतं. व्याजदर उतरले किंवा दाव्यांचा अंदाज चुकला की हा आधार सुटतो. म्हणून पॉलिसी घेताना हप्ता किती स्वस्त आहे एवढंच पाहू नका. कंपन्यांना आपले आकडे जाहीर करावे लागतात. त्यांत दोन गोष्टी पाहा: दावे आणि खर्च मिळून हप्त्यातून भागतात का, आणि मधल्या काळात तुमचा पैसा कुठे ठेवला आहे. फार स्वस्त हप्ता ही सवलत नसते. त्याचा उरलेला हिशेब दाव्याच्या दिवशी होतो.